कुठलं पाणी?

पाण्याच्या लाईनवर मी पाण्याचाच मीटर बसवला आणि तोंडघशी पडलो. हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय, की आता त्यातला शब्द न् शब्द गुळगुळीत झालाय. बाकीच्यांनी ते एकदाच ऐकलं आणि सोडून दिलं. शून्यकाकांनी तर तेवढंही ऐकायला मागितलं नाही.

शून्यकाका आमच्या कारखान्यातले सर्वांत जुने इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. आम्ही गाड्यांच्या इंजिनात घालायचं कूलंट बनवतो. ग्लायकॉल नावाचा एक जाडसर, तेलकट वाटणारा द्रव आणि क्षार काढून टाकलेलं शुद्ध पाणी, दोन्ही ठरलेल्या मापात एका टाकीत सोडायचं, थोडी औषधं घालायची, ढवळायचं आणि पिंपं भरायची. सांगायला सोपं आहे. सगळा जीव मापात असतो, आणि माप मीटरच्या हातात.

काकांना हे नाव पडलं ते त्यांच्या एका सवयीमुळे. कुठल्याही मीटरची तक्रार घेऊन जा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “शून्य बघितलंस?” म्हणजे पाईप भरलेला ठेव, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद कर, आत काहीच वाहत नसताना मीटर काय म्हणतो ते बघ. काही वाहत नसताना जो बडबडतो, त्याच्या वाहतानाच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये, असं त्यांचं मत. माणसांनाही ते हीच कसोटी लावत. मी नोकरीला लागलो त्या दिवशी त्यांनी मला खुर्ची दिली आणि दहा मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. मी त्या दहा मिनिटांत माझे मार्क, माझं गाव, कॉलेजातला माझा प्रोजेक्ट, सगळं सांगून टाकलं.

“शून्याला फार हलतोस रे,” ते म्हणाले. आणि मी बॅगेतून पुस्तक काढून दाखवायला लागलो, तेव्हा माझंही बारसं झालं. त्या दिवसापासून मी ‘पुस्तक’.

काका स्वतः पुस्तकं शिकलेले नव्हते. एकतीस वर्षांपूर्वी ते पिंपं धुवायला लागले होते. तिथून मीटरपर्यंत पोचले ते त्यांच्या बायकोमुळे. त्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. त्यांना सगळे बाई म्हणत, काकासुद्धा. काका रोज मॅन्युअलची दोन पानं घडी करून खिशात घालून घरी न्यायचे, आणि बाई शाळेच्या वह्या तपासून झाल्या की तीही तपासायच्या. बाईंना भाषा कळायची, मीटर नाही. काकांना मीटर कळायचा, भाषा नाही. दोघं मिळून एक इंजिनियर व्हायचा. “माझं इंग्रजी मॅन्युअलचं,” काका सांगायचे. “कुणाच्या लग्नात दोन शब्द बोल म्हणाल तर येणार नाहीत. पण ‘डू नॉट ओव्हरटाइटन’ छान म्हणतो.”

मला कोरिओलिस नावाचा मीटर शिकवला तो काकांनीच. कॉलेजात मी त्याचं समीकरण पाठ करून पंधरा मार्क मिळवले होते, आणि मीटर प्रत्यक्ष समोर आला तेव्हा त्याला पंपाचा भाग समजलो होतो. काकांनी बागेतला रबरी पाईप आणला, त्याचा वाकडा झोका केला, दोन्ही टोकं माझ्या मुठीत दिली आणि पाणी सोडलं.

“आता झोका मागेपुढे हलव.”

हलवला. पाणी बंद असताना झोका सरळ मागेपुढे जात होता. पाणी सुटल्यावर तो हातातच पिळवटायला लागला. एक पाय मागे राहतोय, दुसरा पुढे जातोय.

“जेवढं वजन आतून जातंय तेवढा पीळ,” काका म्हणाले. “मीटरच्या पोटात अशाच दोन नळ्या आहेत. त्यांना सतत थरथरवत ठेवतात. आत येणारी बाजू किती मागे राहिली, बाहेर जाणारी किती पुढे गेली, तो सेकंदाच्या लाखाव्या हिश्शाचा फरक मोजतात. त्यावरून थेट किलो. लिटर नाही, किलो. आणि थरथर जलद आहे की संथ, त्यावरून द्रव हलका की जड तेही कळतं. तेल असो, पाणी असो, काकवी असो, तिला जात विचारायची गरज नाही. फक्त मधे हवेचे बुडबुडे नकोत. बुडबुडे आले की बिचारी गोंधळते.”

कोरिओलिस मीटर त्यांच्या तोंडी नेहमी ‘ती’ असायची आणि मॅगमीटर ‘तो’.

“आणि तो?” मी विचारलं.

“तो स्वस्त आहे, मजबूत आहे, आतून पूर्ण मोकळा आहे, गाळसुद्धा गिळतो. पण त्याला फक्त वेग दिसतो. पाईपभोवती चुंबक, बाजूला दोन बटणं. द्रव चुंबकातून पळाला की बटणांमध्ये थोडी वीज उमटते. जितका पळ तितकी वीज. मग पाईपच्या तोंडाच्या मापाने गुणून तो लिटर सांगतो. म्हणजे लिटर त्याने पाहिलेले नसतात, हिशेबाने काढलेले असतात. पाईप अर्धा रिकामा असला तरी तो भरलेलाच धरून चालतो.” आणि मग बोट वर करून: “आणि मुख्य म्हणजे, द्रवातून वीज जायला पाहिजे. नाही गेली, तर तो आंधळा. आंधळा झाला की गप्प बसत नाही, हीच त्याची खोड.”

हे सगळं मी वहीत लिहून घेतलं होतं. तारीख घालून.

बाईंना हा झोक्याचा प्रयोग त्यांनी फार पूर्वी अंगणात दाखवला होता म्हणे. बाईंनीच मला सांगितलं. “ह्यांनी मला नखशिखांत भिजवलं आणि वर विचारतात, समजलं का. मी म्हटलं, समजलं, टॉवेल आणा.”

हे बाईंनी सांगितलं तेव्हा त्या हॉस्पिटलच्या खाटेवर होत्या, हाताला सलाईन होतं, आणि त्यांचा आवाज इतका हलका झाला होता की हसल्या तर वाक्य अर्धं राहायचं.

बाई आजारी पडल्यापासून काका रजेवर होते. त्याआधी, महिनाभरापूर्वी, मी त्यांचा पेन-मीटर मागून घेतला होता. पाण्यातून वीज किती जाते ते मोजणारं हे बोटाएवढं यंत्र काकांनी स्वतःसाठी घेतलेलं. टोक पाण्यात बुडवायचं, दोन मिनिटांत आकडा. मला त्याचा नाद लागला. खोलीवरच्या नळाचं पाणी मोजलं, गाळलेलं मोजलं, चहा मोजला, पावसाची वाट पाहून तेही मोजलं. एक रविवार त्यातच गेला, आणि रात्री मी ते बंद करायला विसरलो. सकाळी काचेवर काही उमटेना. चपटा बटणाचा सेल संपला होता.

“काका, सेल बदलून देतो,” मी म्हणालो.

“दे,” ते म्हणाले. त्यांनी पेन खणात ठेवून दिला. तेव्हा एवढंच झालं.

काका रजेवर गेले आणि तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, शुद्ध पाण्याच्या लाईनवरची कोरिओलिस बिघडली. तिच्या नळ्या थरथरवणारी कॉइल जळाली. नवी यायला दीड महिना. मोठे साहेब, म्हणजे आमच्या कारखान्याचे मॅनेजर, माझ्याकडे बघायला लागले. मी स्टोअरकडे बघायला लागलो. तिथे सांडपाण्याच्या लाईनचा एक जादाचा मॅगमीटर पडून होता, त्याच मापाचा, कोरा करकरीत.

आमच्या गावच्या पाणीपुरवठ्याला सगळे मॅगमीटरच आहेत. शाळेच्या सहलीत आम्हाला ते दाखवले होते. पाणी म्हटलं की मॅगमीटर, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून पक्कं. बुधवारी मी तो बसवला. शुद्ध पाणी आमच्याकडे शेजारच्या कारखान्यातून टँकरने येतं आणि तो टँकर शुक्रवारी यायचा होता. म्हणून चाचणी मी नळाच्या पाण्यावर घेतली. पिंप भरून वजन केलं, मीटरशी ताडून पाहिलं. हजार लिटरमागे दोन लिटरचा फरक. साहेबांनी पाठ थोपटली. चाचणीच्या कागदावर मी वळणदार सही केली.

गुरुवारी काकांना भेटायला हॉस्पिटलमध्ये गेलो. खरं तर फुशारकी मारायला गेलो होतो, बाईंचं निमित्त. काका खाटेशेजारी स्टुलावर बसून बाईंचे केस विंचरत होते. रोज चार वाजता ते वेणी घालायचे. ज्या बोटांनी केसाएवढ्या तारा स्क्रूखाली बसवल्या त्याच बोटांनी, तितक्याच सावकाश. केस फारसे उरले नव्हते. वेणी करंगळीएवढी व्हायची.

“नर्स ओढते फार,” बाई म्हणाल्या. “आणि ती चारला घालतच नाही. म्हणून हे. चारला राउंडला डॉक्टर येतात, मी त्यांच्यासमोर विस्कटलेली नको.”

“तीस वर्षं शाळेत गेली ना, वेळापत्रक सुटत नाही,” काका मला म्हणाले. मग सलाईनच्या बाटलीकडे हनुवटी करून, “पुस्तक, ह्याच्यावर मॅगमीटर चालेल का?”

“इतक्या बारीक नळीवर?”

“नळी सोड. द्रव बघ. मीठ आहे त्याच्यात. ठणठणीत चालेल.”

“इथे तरी नको,” बाई म्हणाल्या.

मी म्हणालो, “काका, आपल्या पाण्याच्या लाईनवरचा मीटर मी बदलला. मॅगमीटर टाकला, काम फत्ते.”

काकांचा कंगवा थांबला.

“कुठलं पाणी?”

तेवढ्यात बाईंना खोकल्याची उबळ आली. काकांनी कंगवा टाकून त्यांना उठतं धरलं, मी पाण्याचा पेला पुढे केला, नर्स आली आणि मला बाहेर जायला सांगितलं. मी बाहेर आलो आणि परस्पर बसस्टॉपवर गेलो. प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. खरं म्हणजे, प्रश्न आहे हेच मला कळलं नव्हतं. पाण्याला ‘कुठलं’ म्हणजे काय?

शुक्रवारी टँकर आला. सकाळी पहिली बॅच लावली. आधी पाच टन ग्लायकॉल, ते त्याच्या लाईनवरच्या वेगळ्या कोरिओलिसने किलोवर मोजून. मग साडेचार हजार लिटर पाणी माझ्या मॅगमीटरने. आकडा भरला की व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हायचा. मी चहा प्यायला गेलो.

अकराला टाकीचा भोंगा वाजला. टाकी भरत आली होती, आणि मीटर म्हणत होता, जेमतेम चार हजार लिटर पाणी गेलंय.

टाकीवर ड्युटी होती पंपदादाची. पंपदादा म्हणजे आमचा पंप ऑपरेटर, चाळिशीचा, मितभाषी, कारखान्यात सगळ्यांचा दादा. त्याने झाकण उघडून दाखवलं. टाकी खरंच काठाला आलेली. साहेब आले, त्यांनी मीटर पाहिला, टाकी पाहिली आणि मीटरशेजारून जाणारा बायपासचा पाईप पाहिला. मीटर दुरुस्तीला काढला तर पाणी अडू नये म्हणून तो असतो, आणि त्याचा व्हॉल्व्ह हाताने उघडायचा असतो.

“मीटरमधून चार हजार गेलं आणि टाकीत त्याच्या दुपटीने आलंय,” साहेब म्हणाले. “मग उरलेलं कुठून आलं? बायपास उघडा ठेवला होतास.”

“नव्हता, साहेब.”

“आमच्या इंजिनियरने दोन दिवसांपूर्वी मीटर तपासलाय. सहीचा कागद आहे.”

पंपदादाने माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं. साहेबांनी ऑफिसात निलंबनाचं पत्र टाईप करायला सांगितलं, पाच वाजता सही करून घरी जाणार म्हणाले. पंपदादाला यापूर्वी एकदा ताकीद मिळालेली होती. ही दुसरी म्हणजे निलंबन नव्हे, गाशा गुंडाळणं.

मी गेटवर जाऊन काकांना फोन लावला. आमच्याकडे मोबाईल आत नेता येत नाही, गेटवरच्या कपाटात कुलपात ठेवायचा.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “टँकरचं पाणी होतं ना?”

“हो.”

“येतो. पण मला चारला परत यायचंय.”

“चारच्या आत सोडतो, काका. शब्द देतो.”

ते दीड वाजता आले. मोबाईल गेटवर ठेवला, डोक्यावर हेल्मेट चढवलं, खिशाला नेहमीचा स्क्रूड्रायव्हर. तीन आठवड्यांत त्यांचा सदरा खांद्यावर सैल झाला होता. बाईंजवळ मुलगी आहे, एवढंच म्हणाले.

पहिल्यांदा ते पिंपं भरायच्या लाईनवर गेले. तिथे आणखी एक कोरिओलिस आहे, तिच्यातून टाकीतला माल थोडा फिरवला आणि किलोच्या आकड्याखालची दुसरी ओळ साहेबांना दाखवली. ती ओळ आम्ही कुणी कधी वाचत नसू.

“घनता. आपला माल एक पूर्णांक सात शतांशच्या आसपास असतो. ही एक पूर्णांक चार शतांश सांगतेय. म्हणजे जादा आलं ते पाणीच, ग्लायकॉल नाही.”

“मी तेच म्हणतोय,” साहेब म्हणाले. “पाणीच. बायपासमधून.”

मग काका माझ्या मॅगमीटरकडे आले. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह त्यांनी स्वतः बंद केले. आत पाणी कोंडलं. आता आकडा शून्यावर यायला हवा. काचेवर तीन आले, मग अकरा, मग उणे दोन, मग सात.

“शून्य बघितलं होतंस?” त्यांनी मला विचारलं. आवाजात राग नव्हता.

“नळाच्या पाण्यावर बघितलं होतं. ठाम होतं.”

“असणारच.”

साहेबांना हे पटलं नाही. “कुठली तरी वायर ढिली असेल. त्याने बायपासचा प्रश्न सुटत नाही.”

“साहेब, वायर शाबूत आहे. पाण्यात मीठ नाही. ह्याला पाण्यातून वीज लागते, निदान पाच मायक्रोसिमेन्स. नळाच्या पाण्यात पाचशे-सहाशे असतात. टँकरच्या पाण्यात एकसुद्धा नाही. ते धुऊन धुऊन इतकं स्वच्छ केलंय की ह्याला तिथे काही दिसतच नाही.”

“पाणी म्हणजे पाणी,” साहेब म्हणाले. “मी सांडपाण्यावर ह्याच कंपनीचे सहा मीटर चालवतो.” टँकरबरोबर आलेल्या कागदावर आकडा होता, तोही काकांनी दाखवला. “कागद कुणीही छापतो. मला डोळ्यांनी दिसू दे.”

त्यांचंही चुकत नव्हतं. छापील कागद आणि वळणदार सही, यांच्यामुळेच तर आम्ही सगळे इथवर आलो होतो.

लॅबचा मोठा कंडक्टिव्हिटी मीटर त्या आठवड्यात प्रमाणपत्रासाठी बाहेर गेला होता. काका म्हणाले, “थांबा, दोन मिनिटांचं काम आहे,” आणि वर्कशॉपमध्ये आपल्या खणाकडे गेले. मी मागोमाग. त्यांनी पेन काढला, टोपण काढलं, बटण दाबलं. काच कोरी. परत दाबलं. मग अंगठ्याने सेलचं झाकण सरकवून आत पाहिलं आणि बंद केलं.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. अडीच वाजायला आले होते.

“असू दे,” ते म्हणाले. “पाण्यालाच विचारू.”

पाण्याला विचारायचं म्हणजे लाईन पूर्ण रिकामी करायची, बायपासवर आंधळी फ्लँज, बिनभोकाची लोखंडी चकती, चढवायची म्हणजे तिथून थेंब जाणार नाही, मग नळाचं पाणी आणून लाईन भरायची, बुडबुडे काढायचे, पिंपात घेऊन वजन करायचं, परत रिकामी करायची, टँकरच्या पाण्याने नीट धुवायची, भरायची आणि तेच वजन पुन्हा. मी आणि पंपदादा पान्यावर, काका मीटरवर. आठ बोल्ट, त्यातले दोन गंजलेले. त्या दोन बोल्टांनी वीस मिनिटं खाल्ली.

सव्वातीनला मी म्हणालो, “काका, तुम्ही निघा. राहिलेलं मी दाखवतो त्यांना.”

“तुझं ऐकतील?”

“सांगून बघतो.”

“कागदावर सही तुझी आहे, पुस्तक. मीटर बरोबर म्हणणारा तूच आणि चूक म्हणणाराही तूच. कुणी का ऐकावं?” गंजलेला बोल्ट सुटला. “चल, भर पाणी.”

पंपदादा म्हणाला, “काका, माझं काय व्हायचं ते होईल. बाई वाट बघतील.”

“ती वाट बघण्यातली नाही. उशिरा गेलो तर शिक्षा देते,” काका म्हणाले. “शंभर ओळी लिहून आणा.”

आम्ही तिघंही हसलो. ते हसू मला आजही नको वाटतं.

पावणेचारला नळाचं पाणी सुटलं. मॅगमीटर शहाण्यासारखा वागायला लागला. पिंपात दोनशे लिटर, काचेवर एकशे नव्व्याण्णव. व्हॉल्व्ह बंद केले, शून्य. साहेब समोर उभे होते. मग लाईन रिकामी केली आणि टँकरचं पाणी सोडलं. पहिल्यांदा आकडा नीट होता, पाईपच्या कडांना राहिलेलं नळाचं पाणी अजून मिसळत होतं. साहेबांच्या भुवया वर गेल्या. काका म्हणाले, “जरा थांबा.” आम्ही धूत राहिलो. थोड्या वेळाने आकडा डुलायला लागला, मग घसरला. पिंपात दोनशे लिटर, काचेवर एकोणनव्वद. व्हॉल्व्ह बंद केले. चार, उणे एक, नऊ.

बायपासवर जाड लोखंडाची चकती बसली होती. तिथून काही जाणं शक्य नव्हतं. साहेबांनी ती हाताने चाचपून पाहिली.

“मीटर तोच,” काका म्हणाले. “पाईप तोच. माणूस तोच. फक्त पाणी बदललं.”

साहेबांनी वाकून काचेवरचा आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाले, “पत्र फाडायला सांगतो.” पंपदादाकडे वळून, “तू घरी जा, उद्या ये.” जाताना मला म्हणाले, “तू सोमवारी मला भेट.” एवढ्यावर माझं निभावलं.

वर्कशॉपच्या घड्याळात चार वीस झाले होते. काकांनी हात पुसले, स्क्रूड्रायव्हर खिशाला लावला. मी त्यांच्याबरोबर गेटपर्यंत गेलो, पळालोच म्हणा. रखवालदाराने कपाट उघडून त्यांचा मोबाईल दिला. मुलीचे सात फोन येऊन गेले होते.

त्यांनी तिथेच उभं राहून फोन लावला. मला फक्त त्यांच्या बाजूचं ऐकू आलं. “हो.” मग, “किती वाजता?” मग, “केस कुणी विंचरले?”

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. काकांनी मान हलवली, जशी फोनमधून दिसणार होती. मोबाईल त्यांनी खिशात ठेवायला घेतला तर खिसा सापडेना. मी हेल्मेट काढून घ्यायला हात पुढे केला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ते अजून डोक्यावर आहे.

चाराला दहा मिनिटं कमी असताना बाई गेल्या होत्या. आमच्याकडे तेव्हा नळाचं पाणी छान मोजलं जात होतं.

साहेबांनी गाडी दिली. मी सोबत बसलो. वाटभर काका खिडकीबाहेर बघत होते. एका सिग्नलला म्हणाले, “डॉक्टर म्हणाले होते, दोन-तीन दिवस आहेत.” थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, “तेही मापच. अंदाजाने काढलेलं.”

हॉस्पिटलमध्ये मुलीने वडिलांना धरलं. मी दारातच थांबलो. आतमध्ये काकांनी स्टूल ओढलं आणि कंगवा मागितला. मुलीने आधीच वेणी घातली होती, घाईत, एका बाजूला सुटत चाललेली. काकांनी ती सोडवली आणि पुन्हा घातली. मी पाठ केली आणि जिन्यापाशी जाऊन बसलो.

रजा संपल्यावर काका कामावर आले. मला वाटलं होतं, ते बोलणार नाहीत. ते पूर्वीसारखंच बोलले, किंबहुना थोडं जास्त. दुरुस्त होऊन आलेली कोरिओलिस आम्ही दोघांनी मिळून बसवली. काकांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या पोटाला आणि मूठ आपल्या जबड्याला लावली, हाडातून तिची थरथर ऐकली आणि म्हणाले, “बोलतेय.” पाणी भरलं, व्हॉल्व्ह बंद केले, शून्य घेतलं. मग शुद्ध पाणी सोडलं. तिने ते मुकाट्याने मोजलं, किलोने, घनतेसकट.

मॅगमीटर आम्ही सांडपाण्याकडे पाठवला. तिथे तो आजही मस्त चालतो. तिथल्या पाण्यात काय काय असतं ते विचारू नका. त्याला तेच हवं असतं.

त्या दिवसाबद्दल मी एकदाच तोंड उघडलं. डबा खाताना म्हणालो, “काका, त्या दिवशी पेन चालू असता तर—”

“पोळी गार होतेय,” ते म्हणाले.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. मुलीकडे, दुसऱ्या शहरात राहायला गेले. हत्यारं वाटून टाकली. पक्कड पंपदादाला, मल्टीमीटर स्टोअरला. स्क्रूड्रायव्हर स्वतःकडे ठेवला. बाईंच्या अक्षरातली मॅन्युअलची पानं, कडेला पेन्सिलीने लिहिलेल्या अर्थांसकट, त्यांनी एका पिशवीत घातली, तीही बरोबर नेली. आणि पेन-मीटर माझ्या हातात दिला.

“तुझ्याकडे असू दे. नुसता सेल टाक त्यात.”

मी दुकानात गेलो होतो. एकदा चुकीच्या मापाचा आणला. दुसऱ्यांदा बरोबर मापाचा दुकानदाराने काउंटरवर ठेवला, चपटा, चकचकीत, शर्टाच्या बटणाएवढा. “कशात टाकायचाय? देतो बसवून, दोन मिनिटांचं काम आहे,” तो म्हणाला. मी नंतर येतो म्हणून बाहेर पडलो.

आता टँकर आला की मी पाणी लॅबमध्ये पाठवून मोजून घेतो, मग व्हॉल्व्ह उघडू देतो. नव्या पोरांनी “पाण्याच्या लाईनवर” असं काही सुरू केलं की मी विचारतो, कुठलं पाणी. ते चमकून बघतात. मीही तसंच बघितलं असेल.

परवा काकांचा फोन आला होता. नातवाला रबरी पाईपचा झोका दाखवला म्हणाले, मुलीचे वाळत घातलेले सगळे कपडे भिजले. मग इकडचं तिकडचं. पंपदादाचं विचारलं, कोरिओलिसचं विचारलं, शून्य हललंय का विचारलं. ठेवता ठेवता म्हणाले,

“आणि सेल टाकलास का रे त्यात?”

“टाकतो, काका,” मी म्हणालो.